तळवलीचा ळ

घणसोलीच्या पलीकडे आमचं तळवली गाव. आमच्या आगरी बोलीत ळ चा ल होतो, त्यामुळे घरीदारी सगळे ‘तलवली’च म्हणतात. ठाण्याच्या कॉलेजात पहिल्या दिवशी मी तेच सांगितलं आणि मागच्या बाकावर कोणीतरी खिदळलं. पुढे वर्षभर मी वर्गात फारसं बोललेच नाही. 27 फेब्रुवारीच्या पोस्टर स्पर्धेत नाव दिलं, तेही तिथे तोंड उघडावं लागणार नाही म्हणून.

विषय म्हणून घेतली ती गावाची पाटी, पेंटरने हाताने लिहिलेली, पत्रा गंजलेली. पहिला फोटो अगदी पाटीखाली उभं राहून काढला, त्यात अक्षरं वर निमुळती झाली. मग रस्त्यापलीकडे जाऊन, समोरून, झूम करून काढला. अक्षरं गिरवायची असतील तर फोटो असाच हवा. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी फक्त शिरोरेषा ओढली, मग दंड, शेवटी गोलाई.

गिरवताना एक गोष्ट दिसली. पाटीवरचा ल पाकळ्यांचा होता, माझ्या कॉम्प्युटरवर मात्र हिंदी वळणाचा उमटत होता. दोन्हींचा युनिकोड क्रमांक एकच, U+0932. वळण फॉन्ट ठरवतो. राज्य शासनाने 2009 मध्ये मराठीसाठी पाकळीचाच ल ठरवून दिला आहे. म्हणून टाइप करणं सोडलं आणि सगळं हातानेच काढायचं ठरवलं.

हाफ इम्पीरियल कागदावर, म्हणजे 15 बाय 22 इंचांवर, अक्षरं मोठी केली तेव्हा खरी फजिती झाली. पट्टीने मोजून सगळीकडे सारखं अंतर ठेवलं, तरी ‘तळ’ विस्कटलेलं आणि ‘वली’ चेंगरलेलं. कारण साधं होतं. व चा आणि वेलांटीचा असे दोन दंड उजवीकडे येतात आणि पाकळ्यांचा ल त्यांच्यामध्ये सापडतो. ळ ला पूर्ण दंडच नाही, तो शिरोरेषेला लोंबतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा सुटते. गल्लीतल्या एका जुन्या पेंटरकाकांना कागद दाखवायला दोन दिवस धीर होईना. त्यांनी तो उलटा धरला, डोळे बारीक केले नि म्हणाले, “पट्टी ठेव गो बाजूला. पांढरं बघ, कालं नको.”

उलट्या कागदावर अक्षर वाचता येत नाही, नुसते काळे-पांढरे डाग दिसतात, आणि दाटी कुठे झाली ते लगेच कळतं. ळ दोन्हीकडून आत सरकवला, शेवटचे दोन दंड जरा लांब नेले. चौथ्या खेपेला जमलं. ळ तेवढा लाल, बाकी काळं.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी ळ च लाल का, असं विचारलं. मी म्हटलं, “आमच्याकडे तो फक्त पाटीवर असतो.” वर्षभरात वर्गापुढे बोललेलं माझं हे सगळ्यात लांब वाक्य.

पोस्टर आता ओटीवर लावलंय. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवते, “तलवली.”