योगाच्या क्लासचा रिव्ह्यू लिहायचा तर नेमकं काय बघायचं?

कोल्हापुरात योगाचा क्लास शोधायला निघालं की 'सर लई भारी शिकवतात' एवढंच कानावर येतं. ऑनलाइन रिव्ह्यूही त्याच वळणाचे: प्रसन्न वातावरण, मन शांत झालं, पाच स्टार. मान धरलेल्या किंवा बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाला यातून काय कळणार? मी आधी राजारामपुरीत एका क्लासला जात होते, आता ताराबाई पार्कात जाते. दोन्हीकडचं बघून सांगते.

पैसे भरण्याआधी एक तास बाजूला बसून बघायची परवानगी मागा. त्या तासात सर्वांगासन असेल तर उत्तमच, क्लासचा कस तिथे लागतो. पहिल्या क्लासमध्ये सर स्टेजवर स्वतः आसन करायचे आणि माइकवरून सांगायचे, 'पाय वर, कंबरेला हाताचा आधार, श्वास नॉर्मल.' स्वतः उलटे झाल्यावर त्यांना हॉल दिसणार कसा? माझ्या शेजारच्या काकू पाय वर ठेवून, मान वळवून 'बरोबर आहे का?' म्हणून माझ्याकडे बघत होत्या. या आसनात मान वळवायची नसते, कारण ती आधीच पूर्ण वाकलेली असते आणि वरून भार येत असतो. सरांपर्यंत हे पोचलंच नाही.

दुसऱ्या क्लासमध्ये मॅडमनी आधी विचारलं, 'बीपी, काचबिंदू, मानेचा स्पॉन्डिलायटिस कोणाला आहे? पाळी चालू असेल त्यांनीही सांगा.' त्या सगळ्यांना भिंतीपाशी नेऊन, पाठ जमिनीवरच ठेवून नुसते पाय भिंतीला टेकवायला दिले. काचबिंदूवाल्या काकांना तेही नको म्हणून सरळ शवासनात ठेवलं. बाकीच्यांच्या खांद्याखाली घडी केलेली ब्लँकेट्स आली. खांदे ब्लँकेटवर, डोकं मात्र खाली जमिनीवर, म्हणजे मान कमी वाकते आणि भार खांद्यांवर, दंडांवर जातो. मॅडमनी एकदा करून दाखवलं, मग त्या उभ्या राहून फिरल्या. 'कोपरं आत घ्या, बाहेर पसरली की पाठ खचते' अशी सूचना ज्याला हवी त्यालाच मिळत होती. रिव्ह्यूत मी हेच लिहिलं: शिकवताना शिक्षक कुठे असतात, आणि तब्येतीची चौकशी फक्त फॉर्मवर होते की आसनाआधीही होते.

बॅच किती मोठी, हा प्रश्न इथूनच निघतो. तासाच्या क्लासमध्ये प्रार्थना, सांधे मोकळे करणं आणि शेवटचं शवासन यांत वीस मिनिटं सहज जातात. उरली चाळीस. पंचवीस जण असतील तर माणशी दीड मिनिट, बारा जण असतील तर तीन मिनिटांच्या वर. नवख्याला हा फरक मोठा आहे. जुन्या, सरावलेल्या लोकांची बॅच थोडी मोठी असली तरी चालून जातं. जागेचंही बघा. दोन्ही हात बाजूला पसरले की शेजाऱ्याला लागत असतील, तर शिक्षक मधून फिरणार कुठून?

आता बुडालेल्या दिवसांचं. याला लोक नुसता पैशांचा प्रश्न समजतात. समजा आठवड्याला तीन दिवस, महिन्याला बारा तास आणि फी १२०० रुपये, म्हणजे तासाला शंभर. जुलैत पाऊस लागला, पंचगंगेचं पाणी चढलं, पलीकडच्या गावांतून येणाऱ्यांचे रस्ते बंद झाले आणि चार तास बुडाले. चारशे रुपये गेले. पहिल्या क्लासचा नियम होता, बुडाला तो गेला. त्यामुळे लोक कंबर धरलेली असतानाही यायचे, 'पैसे भरलेत की हो!' म्हणून. नियम फीचा होता, त्रास कंबरेला झाला.

दुसऱ्या टोकाचा नियमही तपासून बघावा लागतो. 'कधीही या, कुठल्याही बॅचमध्ये भरून काढा' ऐकायला गोड आहे, पण पाऊस ओसरला की सगळे संध्याकाळच्या बॅचला जमतात आणि बाराच्या जागी वीस होतात. शिवाय संध्याकाळी पोटाचा घोळ असतो. जेवणानंतर तीन-चार तास जायला हवेत, आणि चारला मिसळ हाणून सहाला आलेला माणूस पोट दाबून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात काय करणार ते सांगायला नको. माझ्या आताच्या क्लासची रीत मला पटली: आदल्या रात्री कळवायचं, त्याच महिन्यात भरून काढायचं, आणि एका बॅचला बाहेरचे दोनच घ्यायचे. क्लासनेच सुट्टी दिली तर तो तास पुढच्या महिन्यात धरतात. हे त्यांच्याकडून लेखी घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर. तीन महिन्यांची फी एकदम भरणार असाल तर नक्कीच.

रिव्ह्यूत बॅचची संख्या लिहाल तेव्हा महिनाही लिहा. २१ जूनच्या योग दिनानंतर हॉल भरतो आणि गणपतीपर्यंत निम्मा होतो. जूनअखेरची गर्दी बघून मी नाक मुरडलेल्या बॅचमध्ये सप्टेंबरात नऊजण होते.