छळछावणीच्या साक्षीवर निबंध कसा लिहावा

ज्यूंचा संहार, फाळणी किंवा जातीय अत्याचार यांवरच्या लेखनाचं विश्लेषण करायला सांगितलं की विद्यार्थी सहसा दोनपैकी एका वाटेला लागतो. एक तर ‘प्रतिमांचा अतिशय सुंदर वापर’ असं लिहून तो मोकळा होतो, नाहीतर ‘वास्तव इतकं दाहक आहे की शैलीबद्दल बोलणं गैर’ म्हणून तो विषयच टाळतो. पहिली वाट वाईट आहे हे लगेच कळतं. दुसरी आदराची वाटते, पण मला तीच जास्त खटकते. दलित आत्मकथनांच्या बाबतीत मराठीत हे पुष्कळदा झालं. ‘जळजळीत अनुभव’ अशी पावती देऊन परीक्षण संपलं, जणू लेखकाने काही निवडलंच नव्हतं, नुसती जखम उघडी करून दाखवली होती. साक्ष देणाऱ्याने काय सांगायचं, काय वगळायचं आणि कोणाच्या तोंडून सांगायचं हे ठरवलेलं असतं. निबंधाने ते निर्णय शोधायचे असतात. ते कसे शोधायचे, हे एका उताऱ्यावर पाहू.

प्रीमो लेव्ही हा तुरिनचा तरुण रसायनशास्त्रज्ञ. डिसेंबर १९४३ मध्ये तो पकडला गेला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतल्या फोसोली छावणीतून त्याला नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत नेलं. तिथून जिवंत परतल्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक १९४७ साली निघालं. इंग्रजीत ते ‘इफ धिस इज अ मॅन’ या नावाने वाचायला मिळतं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात रेल्वेप्रवासाचं आणि फलाटावरच्या त्या रात्रीचं वर्णन आहे. आपला उतारा तिथला.

आधी उताऱ्याची विभागणी करा

पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यासमोर खूण करा: हे लेखकाने पाहिलं, हे ऐकलं, की हे त्याला नंतर कळलं? लेव्हीच्या बाबतीत हे सोपं जातं, कारण तो स्वतःच ही रेघ ओढत जातो. मालगाडीचे बारा डबे, साडेसहाशे माणसं, त्याच्या डब्यात पंचेचाळीस, हे त्याच्या अनुभवातलं. फलाटावर बायका, मुलं, म्हातारे वेगळे काढले गेले. थोडा वेळ फलाटाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा अंधुक घोळका दिसला, मग काहीच दिसलं नाही. त्याचं पाहणं इथे संपतं. ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया छावण्यांत शिरल्या आणि उरलेल्या पाचशेहून अधिक माणसांपैकी दोन दिवसांनंतर एकही जिवंत नव्हतं, हे मात्र ‘आज आम्हाला ठाऊक आहे’ अशा सुरात येतं.

निबंधाचा कणा इथेच सापडतो. वायुकोठडीत काय झालं ते लेव्ही सांगत नाही, कारण तो तिथे नव्हता. पुढे १९८६ च्या पुस्तकात त्याने हे उघडच मांडलं, की वाचलेले आम्ही खरे साक्षीदार नव्हेत. जे तळापर्यंत गेले ते परतले नाहीत. त्यामुळे उताऱ्यातली रिकामी जागा तुमच्या निबंधातही रिकामीच राहायला हवी. सिनेमात पाहिलेली दृश्यं त्यात भरलीत तर साक्षीदाराने जे नाकारलं तेच तुम्ही करून बसाल.

मग एकच जागा निवडा

अख्ख्या पुस्तकाच्या शैलीवर आठ ओळी लिहिण्यापेक्षा दोन वाक्यांवर दोन पानं लिहावीत. त्याच पानावर एमिलिया येते. वय तीन वर्षं. लेव्ही तिचा मृत्यू आधी सांगतो आणि त्याचं कारणही देतो: ज्यूंच्या मुलांना मारण्याची ऐतिहासिक गरज जर्मनांना उघडच वाटत होती. त्यानंतर ती कोण होती ते येतं. मिलानच्या एका अभियंत्याची मुलगी, चौकस, महत्त्वाकांक्षी, आनंदी, हुशार. खच्चून भरलेल्या डब्यात आईवडिलांनी तिला जस्ताच्या टबात आंघोळ घातली होती, कोमट पाण्याने. ते पाणी एका ‘अधःपतित’ जर्मन इंजिनचालकाने इंजिनातून काढू दिलं होतं, त्या सर्वांना मरणाकडे ओढून नेणाऱ्या इंजिनातून.

आता विद्यार्थ्याचा पहिला मसुदा बघा: ‘आंघोळीच्या प्रतिमेतून लेखकाने निरागसता आणि क्रौर्य यांचा हृदयद्रावक विरोधाभास साधला आहे.’ यात चूक अशी काही नाही, पण हे वाक्य कुठल्याही कादंबरीला चालेल. शिवाय ‘साधला’ म्हटलं की मुलीचं मरण लेखकाच्या कामी आल्यासारखं वाटतं. आणि ती आंघोळ प्रतिमा नव्हती. कोणीतरी खरंच पाणी मागून आणलं होतं.

दुसरा मसुदा असा करता येईल: ‘लेव्ही मृत्यू आधी सांगतो, त्यामुळे आंघोळीचं वर्णन वाचताना वाचकाला मुलगी वाचेल अशी आशा धरता येत नाही. उत्कंठा तो जाणूनबुजून टाळतो.’ हे बरंच बरं, कारण इथे रचनेबद्दल काही नेमकं कळतं, आणि त्या रचनेमागचा विचारही.

तिसरा मसुदा आणखी खोल जातो: ‘या दोन वाक्यांत लेव्ही दोनदा मारेकऱ्यांची भाषा उसनी घेतो. ऐतिहासिक गरज हा त्यांचा युक्तिवाद, आणि अधःपतित ही त्यांच्या लेखी दयाळू माणसाला मिळणारी शिवी. त्या भाषेच्या मधोमध तो मुलीचं नाव, वडिलांचा पेशा, गाव आणि स्वभाव ठेवतो. छावणीने माणसांना आकडे दिले, खुद्द लेव्हीला १७४५१७. तो उलटी नोंद करतो.’ आता कलाकुसर आणि साक्ष वेगळी काढता येत नाही. ‘सुंदर’ हा शब्द लागलाच नाही, हेही लक्षात घ्या.

असा मसुदा जमला की नाही हे ओळखायची एक खूण आहे. वाक्यातलं नाव आणि ठिकाण खोडून पाहा. वाक्य तरीही जसंच्या तसं उभं राहिलं तर ते या मुलीबद्दल नव्हतंच.

सत्याचा करार विसरू नका

१९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या एकाने छावणीतल्या बालपणाच्या आठवणी म्हणून पुस्तक छापलं. त्याला पुरस्कार मिळाले, तुटक शैलीचं कौतुक झालं. १९९८ पासून ते बनावट असल्याचं उघड होत गेलं आणि अखेर प्रकाशकाने ते मागे घेतलं. पुस्तकातला एकही शब्द बदलला नव्हता, पण ‘आघातामुळे स्मृती तुटक होते आणि म्हणून शैलीही’ असं लिहिणारे सगळे निबंध कोसळले. म्हणून पुस्तक साक्ष म्हणून लिहिलंय की कथा म्हणून, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. कथा असेल तर वरची पेन्सिलची खूण निराळी पडते. तिथे ‘लेखकाने पाहिलं का’ यापेक्षा ‘कोणाच्या वतीने बोलायचा अधिकार त्याने घेतला’ हा प्रश्न कामाचा.

उद्धरणं आणि ‘आपण’

हिंसेचं वर्णन उद्धृत करायचं तर ज्यावर पुढे काही बोलणार आहात तेवढंच घ्या. वजन यावं म्हणून भयानक ओळ टाकणं आणि तिच्यावर एक शब्दही न लिहिणं हा वापर झाला. भाषांतर वाचत असाल तर वाक्याची लांबी, नाद, विरामचिन्हं यांवर दावे करू नका; क्रम, वगळलेलं आणि दृष्टिकोन यांवर बोला, ते बहुधा भाषांतरातही टिकतं. ‘वाचताना आपणही त्या डब्यात असतो’ अशी वाक्यं मात्र सरळ काढून टाका. आपण डब्यात नसतो, खुर्चीत असतो.

राहता राहिला शेवटचा परिच्छेद. मुलं तिथे ‘मानवी जिद्दीचा विजय’ लिहितात. लेव्हीनेच नंतर म्हटलंय की वाचले ते सर्वांत चांगले नव्हते. सर्वांत चांगले सगळे मेले. एमिलियाच्या पानावर कुठलाही विजय नाही. तेव्हा तो परिच्छेद खोडा आणि उताऱ्याबद्दलचं तुमचं शेवटचं निरीक्षण जिथे संपतं तिथेच निबंध थांबवा.