तक्ता चढला आणि मूल गप्प झालं

लहान मुलात ऑटिझमची शक्यता आहे का हे पाहणारी एम-चॅट प्रश्नावली भरून घेणं, कान तपासून घेणं, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. पुढे आईला शिकवत शिकवत काम करायचं असतं. तिथे मी तीन महिने चुकत राहिले, ते सांगते.

आमच्या क्लिनिकची घडी ‘पास’ या, ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना शिकवण्याच्या पद्धतीवर बसवलेली आहे. ही पद्धत गोवा आणि रावळपिंडीत 65 कुटुंबांबरोबर तपासली गेली आणि 2016 मध्ये निकाल छापून आले. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा महिने, साधारण पंधरा दिवसांनी एक अशा बारा बैठका घ्यायच्या होत्या. पालक मुलाच्या कलाने बोलायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा त्यांच्याकडे वळू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटला. म्हणून ‘सहा महिन्यांत खडाखडा बोलेल’ असं कुणालाही सांगू नका.

माझ्याकडे सव्वादोन वर्षांचा एक मुलगा होता. पहिल्या दिवशी मोबाइलवर दहा मिनिटांचं खेळणं टिपलं आणि मधली पाच मिनिटं मोजली. आई 58 वेळा बोलली, त्यातले 41 प्रश्न किंवा हुकूम. मुलगा स्वतःहून आईकडे आला तीन वेळा.

हे तीन मी कागदावर लिहिले आणि विसरले. वरिष्ठांना हवे होते ‘शब्द’, म्हणून मी आईला ‘बोल, बॉल बोल’ करायला लावलं आणि सांगितल्यावर उच्चारलेले शब्द तक्त्यात भरत गेले. सहाव्या बैठकीपर्यंत दोनाचे अकरा झाले. सगळे खूश.

मग आई सहज म्हणाली, “ताई, हल्ली मी खाली बसले की तो वाटी टाकून उठून जातो.” त्या रात्री पहिला आणि सहावा व्हिडिओ लागोपाठ पाहिला. स्वतःहून येणं तिनावरून एकावर आलं होतं. मी आईची परीक्षक करून टाकली होती. परीक्षकाजवळ कोण खेळायला जाईल?

म्हणून मोजताना हे घट्ट धरा. आईने विचारलं, हाक मारली किंवा हात पुढे केला, तर त्यानंतरच्या तीन सेकंदांत मुलाने केलेलं काही ‘स्वतःहून’ नाही. तीन सेकंद हा आमचा घरगुती नियम आहे, पण तो पाळल्याशिवाय दोन माणसांची मोजणी जुळत नाही. नजर, आवाज, वस्तू आणून देणं, हात धरून ओढणं, सगळं धरायचं. खेळणी तीच, जागा तीच, वेळ तीच. मूल तापात किंवा अर्धवट झोपेत असेल तर त्या दिवशी मोजूच नका. मी एकदा मोजलं आणि आई उगाच रडली.

सातव्या बैठकीत व्हिडिओ लावला आणि तोंड बंद ठेवलं. एवढंच विचारलं, “ताई, यात तो तुमच्याकडे कुठे आला?” तिने दुसऱ्या मिनिटाला व्हिडिओ थांबवला. त्याने डब्याचं झाकण गरगर फिरवलं होतं आणि क्षणभर तिच्याकडे पाहिलं होतं. नेमकं तेव्हाच ती म्हणत होती, “रंग कोणता?” तिचं तिलाच हसू आलं. हे मी सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.

मग एकच काम दिलं. समोर बसायचं, हात मांडीवर, मनात पाचपर्यंत मोजायचं. तो काही करेल तेव्हा तेच एक-दोन शब्दांत म्हणायचं. तिने तिथेच करून पाहिलं. चौथ्यांदा झाकण गरगर फिरलं, ती म्हणाली, “फिरलं!” त्याने झाकण उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. घरी रोज अर्धा तास, तोही तुकड्यांत, अंघोळीला आणि खेळताना. पुढच्या वेळी तिच्या हातून झालं नसेल तर रागावू नका. संयुक्त कुटुंबात पाच सेकंद शांतता मिळवणं हेच मोठं काम असतं. या मुलाच्या आजीबाईंनाही एक बैठक द्यावी लागली.

बाराव्या बैठकीत आई 31 वेळा बोलली, प्रश्न-हुकूम आठ, मुलगा स्वतःहून आला नऊ वेळा. हुकमावरचे शब्द मात्र अकरावरून सहावर आले. वरिष्ठांनी विचारलं, “घसरण का?” मी दोन्ही व्हिडिओ लावून दाखवले. महिन्याच्या फॉर्मवर रकाना अजूनही ‘शब्द’ असाच आहे. तो मी भरते, आणि खरी मोजणी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते.