मॅटरवाला प्लग दोन ॲपमध्ये कसा जोडायचा

फोंड्यात मावशीकडे हा घोळ झाला, तिचा फोन अँड्रॉइड आणि मुलाचा आयफोन, आणि दोघांनाही व्हरांड्यातला दिवा आपापल्या फोनवरून चालू-बंद करायचा होता. प्लग मॅटरवाला, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये चालणारा, वायफायचा घेतला, मावशीने खोक्यावरचा कोड स्कॅन करून गूगल होममध्ये जोडला, मग मुलाने तोच कोड ॲपल होममध्ये टाकला तर जोडायलाच तयार नाही. प्लग बिघडलेला नव्हता हो! छापलेला कोड पहिल्या जोडणीचा, दुसऱ्या ॲपसाठी पहिल्या ॲपमधूनच नवा कोड काढावा लागतो. गूगल होममध्ये त्या प्लगच्या सेटिंगमध्ये Linked Matter apps & services असतं, तिथून मिळालेला कोड लगेच आयफोनवर टाकायचा, कारण तो थोडाच वेळ चालतो. रीसेट मारू नका, पहिली जोडणीपण जाईल.

पण गूगल होमसाठी नेस्ट हब वगैरे हब लागतोच, नि ॲपल होममध्ये घराबाहेरून चालवायचं किंवा ऑटोमेशन लावायचं तर होमपॉड किंवा ॲपल टीव्ही लागतो, हा खर्च मॅटरने वाचत नाही. शिवाय मावशीने संध्याकाळी सातचं शेड्यूल लावलं ते मुलाच्या ॲपमध्ये दिसत नाही, फक्त प्लग शेअर होतो, ऑटोमेशन नाही. प्लग बनवणाऱ्या कंपनीच्या खास सोयीसुद्धा बऱ्याचदा तिच्याच ॲपमध्ये राहतात. आणि पावसात लाईट गेली की राउटरसकट सगळंच झोपतं, त्याला इन्व्हर्टरच पाहिजे.