व्हिजन-मिशन नव्याने लिहिताय? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या भिंतीवर हे मिशन रंगवलं होतं: ‘नावीन्यपूर्ण व शाश्वत मूल्यसाखळीद्वारे शेतकऱ्यांचा सर्वांगीण विकास साधणे.’ कंपनीचं नाव झाकून तिथे कृषी केंद्राचं, बँकेचं किंवा साखर कारखान्याचं नाव ठेवा, वाक्य तसंच चालतं. मी सगळ्यात आधी हीच परीक्षा घेतो. वाक्य कुणालाही चालत असेल, तर ते तुमचं नाही.

यात नुकसान रोख पैशांचं होतं. ‘सर्वांगीण’मध्ये सगळंच बसतं, म्हणून संचालकांनी बियाणं विकलं, ट्रॅक्टर भाड्याने दिला, मसाला युनिटही सुरू केलं. तुरीचा हंगाम आला तेव्हा खरेदीला खेळतं भांडवलच उरलं नव्हतं. कोणत्या कामाला नाही म्हणायचं, हे त्या वाक्यातून कुणालाच कळत नव्हतं.

नव्याने लिहायला बसलो तेव्हा संचालकांनी आणखी भारी शब्द सुचवले. मागे बसलेले एक सभासद म्हणाले, “भाऊ, हे सारं बराबर हाय, पण माह्या तुरीचे पैसे कवा भेटतीन?” मिशन तिथून सुरू झालं. माल कोणाचा, कोणता, त्यावर आपण काय करतो आणि सभासदाच्या हातात काय पडतं, एवढंच आम्ही फळ्यावर लिहिलं.

पहिला मसुदा असा झाला: ‘सभासदांची तूर गावातच तोलून, ओलावा मोजून, चाळून एकत्र करणे आणि थेट दाळमिलला विकणे, वजनाची चिठ्ठी जागेवर, पैसे सात दिवसांत.’

इथे दुसरी चूक होते, आणि घाई करणारे हमखास करतात: न पेलणारं वचन. दाळमिल पंधरा दिवसांनी पैसे देत होती. मधले दिवस भरून काढण्याइतकं भांडवल कंपनीकडे नव्हतं. मी लेखापालाला जमाखर्च उघडायला लावला आणि ‘सात’चे ‘वीस’ केले. संचालक नाराज झाले, पण सभासदांना वीस चालले. तारीख पक्की असली की उधारीवाल्याला तसं सांगता येतं.

व्हिजन वेगळं ठेवा. मिशन म्हणजे आज करायचं काम, व्हिजन म्हणजे त्या कामाने गावात काय बदलेल ते. इथे ठरलं: ‘पाच वर्षांत आमच्या एकाही सभासदाला पैशाच्या नडीपोटी काढणीच्या आठवड्यातच तूर विकावी लागू नये.’ दरवर्षी आमसभेत हात वर करायला सांगून हे तपासता येतं.

भाव आणि उलाढालीचे आकडे मिशनमध्ये घालू नका, ते वार्षिक आराखड्यात शोभतात.

दुसऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून उचलू नका.

मेमोरँडम म्हणजे कंपनीच्या नोंदणीचा मूळ दस्तऐवज, त्यातली उद्दिष्टंही जशीच्या तशी उतरवू नका. ती मुद्दाम ऐसपैस लिहिलेली असतात, कारण ती बदलायची तर विशेष ठराव लागतो. मिशन त्यांच्या चौकटीत बसतं आहे ना, एवढं मात्र रंगवायच्या आधी तपासून घ्या.