पॅकेट लॉस तपासताना या चुका टाळा

कॉलवर बोलणाऱ्याचा आवाज मधूनच यंत्रासारखा होतो, अर्धा शब्द गायब होतो, आणि आपण लगेच स्पीड टेस्ट लावतो. तिथे वेग भरपूर दिसतो, म्हणून दोष समोरच्याच्या इंटरनेटचा, असे ठरवून मोकळे होतो. पहिली चूक इथेच होते. स्पीड टेस्ट साधारणपणे टीसीपी पद्धतीने डेटा पाठवते, आणि त्यात हरवलेले पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पुन्हा पाठवले जाते. त्यामुळे थोडी गळती, म्हणजेच पॅकेट लॉस, आकड्यात फारशी उमटत नाही. कॉल आणि बहुतेक वेगवान गेम मात्र यूडीपीवर चालतात. तिथे उशिरा आलेल्या पॅकेटचा उपयोग नसतो, कारण तो क्षण तोवर निघून गेलेला असतो.

कॉलमधील एका पॅकेटमध्ये बहुधा 20 मिलिसेकंदांचा आवाज असतो. एखादे हरवले तर ॲप अंदाजाने ती जागा भरते आणि कानाला कळतही नाही. सलग पाच-सहा हरवली की शब्द तुटतो. गेममध्ये आपले पात्र पुढे जाऊन झटक्याने मागे येते किंवा मारलेली गोळी मोजलीच जात नाही. सगळे काही एकसारखे उशिरा घडत असेल, पण तुटत नसेल, तर तो बहुधा विलंब असतो, गळती नव्हे. आणखी एक खूण लक्षात ठेवावी: आपल्याला समोरच्याचे स्पष्ट ऐकू येते, पण आपला आवाज त्याला तुटक ऐकू येतो, तेव्हा संशय प्रथम आपल्या अपलोडवर घ्यावा.

दुसरी चूक म्हणजे पिंग चारदा करून थांबणे. पिंग एखाद्या पत्त्याकडे छोटे पॅकेट पाठवून उत्तर येते का आणि किती वेळात येते ते पाहते. विंडोजमधील साधी `ping` आज्ञा चारच पॅकेट पाठवते. समजा शंभरातून दोन पॅकेट हरवत आहेत; तरीही चारही सुखरूप परत येण्याची शक्यता सुमारे 92 टक्के असते, म्हणजे चाचणी बहुतेक वेळा "सर्व ठीक" असेच सांगेल. म्हणून किमान 300 पॅकेट पाठवावीत. सेकंदाला एक या हिशेबाने पाच मिनिटे लागतात.

तिसरी चूक मला सर्वांत महागात पडली, ती म्हणजे फक्त बाहेरचा पत्ता तपासणे. बाहेर गळती दिसली की मी थेट सेवा पुरवणाऱ्याकडे तक्रार करत असे. आता मी दोन खिडक्या उघडून एकाच वेळी राउटर आणि बाहेरचा पत्ता तपासतो. विंडोजमध्ये राउटरचा पत्ता `ipconfig` या आज्ञेच्या उत्तरात `Default Gateway` समोर दिसतो; तो खालच्या `192.168.1.1` च्या जागी लिहावा.

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

मॅक आणि लिनक्सवर `-n` ऐवजी `-c` लिहावे.

माझ्याकडे वायफायवर राउटरपर्यंतच्या 300 पैकी 11 पॅकेट हरवली आणि बाहेरच्या पत्त्याची 13. दोन्ही आकडे जवळपास सारखे होते, म्हणजे गळती घरातच, राउटरपर्यंतच्या टप्प्यात होती. खात्रीसाठी लॅपटॉप केबलने जोडून तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा दोन्हीकडे शून्य आले. लॅपटॉप 2.4 गिगाहर्ट्झवरून 5 गिगाहर्ट्झवर आणल्यानंतर आवाज तुटणे थांबले. राउटर दोन भिंतींपलीकडे असता तर 5 गिगाहर्ट्झ कदाचित तिथवर नीट पोहोचले नसते आणि केबलच टाकावी लागली असती. वायफाय स्वतःच हरवलेली पॅकेट काही वेळा पुन्हा पाठवते, म्हणून गळती शून्य दिसली तरी राउटरच्या उत्तराची वेळ 3 मिलिसेकंदांवरून अचानक 200 वर उडत असेल, तर त्याकडेही दुर्लक्ष करू नये.

निकाल वाचतानाही फसगत होते. विंडोजमध्ये `Destination host unreachable` असे उत्तर आले तर ते पॅकेट "मिळाले" म्हणून मोजले जाते, त्यामुळे केवळ शेवटची टक्केवारी न पाहता वरच्या ओळीही वाचाव्यात. वाटेतील प्रत्येक राउटरची गळती वेगळी दाखवणारे `pathping` किंवा `mtr` वापरताना मधल्या एखाद्या टप्प्यावर 40 टक्के गळती दिसून पुढचे सर्व टप्पे आणि शेवटचा पत्ता शून्यावर असतील, तर तिथे बिघाड नसतो. तो राउटर पॅकेट पुढे नेतो आहे, फक्त स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणे त्याने कमी केले आहे. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली, तरच तिला अर्थ आहे.

चाचणी शांत वेळी एकदा आणि त्रास होतो त्या वेळी एकदा, अशी दोनदा करावी. फोटोंचा बॅकअप अपलोड होत असतानाच गळती दिसत असेल, तर लाइन तुंबते आहे. बॅकअप थांबवून किंवा राउटरमध्ये त्याच्या वेगाला मर्यादा घालून पाहावे. केबलवर, बाकी सर्व बंद असताना, राउटरपर्यंत शून्य आणि त्यापुढे वारंवार गळती दिसली, तरच वेळ, तारीख आणि दोन्ही निकाल जोडून सेवा पुरवणाऱ्याकडे तक्रार करावी. गळती एकाच गेममध्ये जाणवत असेल आणि बाहेरचा पत्ता स्वच्छ असेल, तर त्या गेमचा दुसरा सर्व्हर निवडून पाहावा.