शीर्षकात ‘फुरशाच्या’, बीजशब्दांत ‘फुरसे’: जुळवणी कशी केली

फुरसे चावून मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णाचा वृत्तांत मी मराठीत आणला. बीजशब्द शीर्षकाशी जुळत नाहीत म्हणून तो दोनदा परत आला. फार चिडचिड झाली. आधी बीजशब्द वाढवले, मग ‘मूत्रपिंड’ऐवजी ‘वृक्क’ घातले, उपयोग शून्य.

खरी अडचण सामान्यरूपाची होती. शीर्षक होते ‘फुरशाच्या दंशानंतर...’, आणि ‘फुरसे’ शोधल्यावर ‘फुरशाच्या’ सापडत नाही.

मग आधी बीजशब्द पक्के केले: फुरसे, सर्पदंश, तीव्र मूत्रपिंड इजा, रुग्णवृत्तांत. नंतर त्याच रूपांत, प्रत्यय न लावता, शीर्षक बांधले: ‘सर्पदंश (फुरसे) आणि तीव्र मूत्रपिंड इजा: रुग्णवृत्तांत’. शेवटी Ctrl+F ने एकेक शब्द शीर्षकात आणि सारांशात शोधला. सारांशात एके ठिकाणी ‘किडनी’ राहिली होती, तीही बदलली.